बढतीचं अभिनंदन छापील का वाटतं, आणि ते दुरुस्त कसं करायचं

तक्रार नेहमी एकाच प्रकारची असते. सहकाऱ्याला बढती मिळते, तुम्हाला खरंच आनंद होतो, तुम्ही लिहिता: 'प्रमोशनबद्दल मनःपूर्वक अभिनंदन! तुझ्या कष्टांचं चीज झालं. पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा!' पाठवून झाल्यावर वाचलं की जाणवतं, हे तर ग्रुपवरच्या बाकी चौदा जणांनीही लिहिलंय. समोरून 'धन्यवाद' आणि जोडलेले हात येतात, विषय संपतो. पुढच्या बढतीच्या वेळी 'हार्दिक'च्या जागी 'मनापासून' येतं, फुलांची संख्या वाढते, आणि संदेश तरीही तसाच वाटतो.

शब्द बदलून हा दोष जात नाही, कारण तो शब्दांमध्ये नसतोच. वरचं वाक्य पुन्हा पाहा. त्यात त्या माणसाने काय केलं हे सांगणारं एकही क्रियापद नाही. 'अभिनंदन' नाम आहे, 'शुभेच्छा' नाम आहे, आणि 'चीज झालं' यात चीज कष्टांचं होतं. ज्याच्यासाठी हे लिहिलं तो माणूस कुठेच काही करताना दिसत नाही.

दोष ओळखण्याची चाचणी

नाव बदलून पाहण्याची चाचणी अनेकांना ठाऊक असते: संदेशातलं नाव काढून दुसऱ्या कुणाचं घातलं तरी चालत असेल, तर संदेश छापील आहे. चाचणी बरोबर आहे, पण ती फक्त दोष आहे एवढंच सांगते. तो कुठे आहे हे सांगत नाही.

मराठीत त्याहून नेमकी खूण हाताशी आहे. आपण 'तू'शी बोलतो तेव्हा भूतकाळी क्रियापदाच्या शेवटी 'स' लागतो: केलंस, थांबवलंस, विचारलंस. 'तुम्ही'शी बोलताना 'त' लागतो: केलंत, थांबवलंत, विचारलंत. हे एक अक्षर कर्ता समोरचा माणूस आहे हे सांगतं. लिहिलेल्या संदेशात असा 'स' किंवा 'त' असलेलं क्रियापद शोधा. सापडलं नाही, तर बाकी कितीही सजवलं तरी तो संदेश त्या माणसाबद्दल बोलत नाही.

इथे एक फसवी जागा आहे. 'तुझी मेहनत आणि चिकाटी मी जवळून पाहिली आहे' हे वाक्य आपुलकीचं वाटतं, पण त्यात पाहणारे तुम्ही आहात. समोरच्याच्या वाट्याला दोन भाववाचक नामं आली. मेहनत, चिकाटी, समर्पण, नेतृत्वगुण हे शब्द आले की समजावं, लिहिणाऱ्याला काहीतरी नेमकं आठवत होतं आणि ते लिहायचं राहिलं.

दुरुस्तीचा माल कुठून आणायचा

लिहायला बसल्यावर नेमकं काही आठवत नाही, ही खरी अडचण. 'या माणसाबद्दल काय चांगलं सांगता येईल' असं स्वतःला विचारलं की विशेषणंच सुचतात. प्रश्न बदलला की प्रसंग सुचतात. हे तीन प्रश्न बहुतेक वेळा पुरतात:

१. गेल्या सहा-आठ महिन्यांत या माणसामुळे माझं कोणतं काम सोपं झालं, किंवा कोणती अडचण टळली?
२. त्याचं कोणतं काम मी आता तसंच करू लागलो आहे?
३. कुणी करायला सांगितलेलं नसताना त्याने काय केलं?

उत्तर आलं नाही तर मेलमध्ये किंवा चॅटमध्ये त्याचं नाव टाकून मागचे संदेश पाच मिनिटं चाळा. आठवणीत मोठे प्रसंगच राहतात, आणि मोठ्या प्रसंगाबद्दल सगळेच लिहिणार असतात. जुन्या संदेशांत लहान गोष्टी सापडतात: रात्री दुरुस्त करून पाठवलेला तक्ता, मीटिंगनंतर सगळ्यांना गेलेली चार ओळींची नोंद, तुमच्या चुकीबद्दल ग्रुपवर न बोलता बाजूला घेऊन सांगितलेलं वाक्य. लहान गोष्टीची ताकद अशी की ती कुणाच्या लक्षात राहिली असेल असं त्या माणसाला वाटलेलंच नसतं.

एक संदेश सुरुवातीपासून दुरुस्त करून पाहू

ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या एका टीममधली सहकारी टीम लीड झाली आहे असं धरू. लिहिणारा तिच्याच बरोबरीचा, दोघांचं बोलणं 'तू'चं. पहिला मसुदा वर दिला तोच: मनःपूर्वक अभिनंदन, कष्टांचं चीज, पुढील वाटचाल.

तीन प्रश्नांपैकी पहिल्याला उत्तर मिळतं. टीममध्ये दोन नवीन माणसं आली होती, तिने त्यांना शिकवलं, आणि त्यामुळे लिहिणाऱ्याचा त्रास वाचला. दुसरा मसुदा असा होतो:

'तू नवीन आलेल्यांना खूप मदत केलीस.'

'स' आला, म्हणजे दिशा बरोबर आहे. पण 'मदत करणं' इतकं सैल क्रियापद आहे की त्यात काहीही बसतं. नाव बदलून पाहिलं तर अर्ध्या ऑफिसला लागू पडेल. अशा वेळी स्वतःला विचारावं: मदत केली म्हणजे हातांनी, तोंडाने, प्रत्यक्षात काय केलं? कॅमेरा लावला असता तर काय दिसलं असतं? आठवतं ते असं: ती त्या दोघांच्या शेजारी खुर्ची ओढून आठवडाभर बसायची, पण काम त्यांच्याच हातून करून घ्यायची. तिसरा मसुदा:

'नवीन आलेल्या दोघांच्या शेजारी तू आठवडाभर बसलीस, पण त्यांच्या कीबोर्डला एकदाही हात लावला नाहीस.'

आता हे वाक्य दुसऱ्या कुणालाच लागू पडत नाही. शिवाय त्यात न केलेली गोष्टही आली, आणि ती अनेकदा केलेल्या गोष्टीपेक्षा जास्त बोलते. शिकवताना स्वतःच करून मोकळं होणं सोपं असतं. तिने ते टाळलं हे लिहिणाऱ्याने पाहिलं, एवढं त्या ओळीतून पोचतं. 'संयमी आहेस' असं वेगळं लिहावं लागत नाही, आणि लिहूही नये. प्रसंगाच्या मागे विशेषण जोडलं की ओळ प्रमाणपत्रासारखी वाचली जाते.

राहिला परिणाम. तिने जे केलं त्यामुळे तुमच्या कामात काय बदललं, ते एका वाक्यात, मोजता येईल असं लिहावं. 'त्याचा संपूर्ण टीमला फायदा झाला' हे पुन्हा सैल झालं. 'दुसऱ्या आठवड्यापासून त्यांचे मला येणारे फोन बंद झाले' हे खरं आहे आणि फक्त हा लिहिणाराच ते सांगू शकतो. पूर्ण संदेश:

'टीम लीड झाल्याचं आत्ताच वाचलं. नवीन आलेल्या दोघांच्या शेजारी तू आठवडाभर बसलीस, पण त्यांच्या कीबोर्डला एकदाही हात लावला नाहीस, ते पहिल्यांदा आठवलं. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांचे मला येणारे फोन बंद झाले होते. फार आनंद झाला. अभिनंदन!'

साधारण पस्तीस शब्द. एवढे पुरतात. साठच्या पुढे गेलं की बहुधा दुसरा प्रसंग घुसलेला असतो, आणि दोन प्रसंग एकत्र आले की ती यादी होते. यादी वाचताना माणूस आपल्याबद्दलचा अहवाल वाचल्यासारखं वाचतो. म्हणून एकच प्रसंग ठेवावा. दुसरा चांगला असेल तर तो प्रत्यक्ष भेटीत सांगावा.

'अभिनंदन' शेवटी का, हेही सांगायला हवं. लॉक केलेल्या फोनच्या पडद्यावर बहुधा संदेशाची सुरुवातच दिसते. बढतीच्या दिवशी त्या पडद्यावर 'हार्दिक अभिनंदन'ने सुरू होणाऱ्या ओळींची रांग लागलेली असते. तुमचा संदेशही तसाच सुरू झाला तर तो उघडण्याआधीच त्या रांगेत जातो. बातमीचं किंवा प्रसंगाचं वाक्य आधी आलं की ही अडचण सुटते, आणि शेवटी आलेलं 'अभिनंदन' त्या प्रसंगाचं होतं, त्यामुळे तो जुनाच शब्द वेगळा ऐकू येतो. हा शब्द टाळायचं कारण नाही. तो एकटा पडला की पोकळ वाटतो, एवढंच.

भाषा कालचीच ठेवा

काल ज्याला 'अरे, ती फाईल पाठव' म्हटलं, त्याला आज 'आपल्या पदोन्नतीबद्दल आपले हार्दिक अभिनंदन' असं लिहिलं तर प्रसंग कितीही नेमका असो, वाक्य परकं होतं. 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांतलं कालपर्यंत जे होतं तेच आज राहावं. तसंच 'केले'-'झाले' की 'केलं'-'झालं' हेही. एरवी तुम्ही चॅटवर बोलता तसं लिहीत असाल तर अभिनंदनापुरतं पुस्तकी होऊ नका. बढती, प्रमोशन, पदोन्नती यांतला जो शब्द तुमच्या ऑफिसात तोंडी असतो तो घ्या. 'पदोन्नती' परिपत्रकात शोभतो; मित्राच्या संदेशात तो परिपत्रकाचा वास आणतो.

एक सोपा उपाय: संदेश पाठवण्याआधी मोठ्याने वाचा, समोर तो माणूस उभा आहे असं समजून. जिथे जीभ अडखळते किंवा थोडं ओशाळल्यासारखं होतं, ती ओळ कुठून तरी उचललेली असते.

चांगल्या हेतूने लिहिलेली, पण बोचणारी वाक्यं

'अखेर', 'शेवटी एकदाचं', 'उशिरा का होईना न्याय मिळाला': लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की तुझा हक्क होता. वाचणाऱ्याला आधीच्या नकारांची आठवण होते. शिवाय बढती देणाऱ्यांवरची ही टीका लेखी राहते आणि तिला उत्तर देताना त्या माणसाची पंचाईत होते. धन्यवाद म्हटलं तर टीका मान्य केल्यासारखं होतं.

'तू याला पात्रच होतास' यात दोष थोडा सूक्ष्म आहे. पात्र की अपात्र हे ठरवणारा परीक्षक असतो. वरिष्ठाने कनिष्ठाला म्हटलं तर चालून जातं, बरोबरीच्याने म्हटलं तर किंचित वरून बोलल्यासारखं वाटतं, आणि वरिष्ठाला तर हे कधीच लिहू नये. प्रसंग सांगितला की पात्रता आपोआप दिसते.

'पार्टी कधी?', 'आता आम्हाला विसरू नकोस', 'जबाबदारी वाढली हं आता' ही तीन वाक्यं प्रेमानेच येतात, पण तिन्ही समोरच्याकडून काहीतरी मागतात: खर्च, आश्वासन, किंवा सावध राहणं. जवळच्या मित्राला तोंडी म्हणायला हरकत नाही. लेखी अभिनंदनात शेवटची ओळ म्हणून आली की आधीचा चांगला प्रसंग मागे पडतो आणि उत्तर फक्त पार्टीचं येतं.

ग्रुपवर की खासगी

आधी खात्री करा की बातमी जाहीर झाली आहे. कानावर आलेल्या बढतीचं अभिनंदन ग्रुपवर टाकणं ही या सगळ्यातली एकमेव चूक आहे जी दुरुस्त करता येत नाही. शंका असेल तर थांबा.

ग्रुपवर एक ओळ पुरे, आणि तिथे साधं 'अभिनंदन' लिहिण्यात काही कमीपणा नाही. तिथे उपस्थिती नोंदवायची असते. प्रसंगाचा संदेश वेगळा, त्या माणसालाच पाठवा, शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. ग्रुपवरच प्रसंग सांगायचा असेल तर एक चाळणी लावा: या प्रसंगात तिसऱ्या कुणाची चूक उघडी पडते का? 'सगळ्यांनी घातलेला घोळ तू निस्तरलास' हे त्या ग्रुपवरच्या सगळ्यांनीच वाचायचं असतं.

एकाच यादीत दोघांना बढती मिळाली असेल तर एकाचा मसुदा थोडा फिरवून दुसऱ्याला पाठवू नका. शेजारी बसणारी माणसं एकमेकांना संदेश दाखवतात.

तोंडी सांगायचं असेल तर तोच मसुदा वीस सेकंदांचा होतो. प्रसंग, परिणाम, अभिनंदन, आणि थांबा. बहुतेक माणसं कौतुक झटकतात: 'अहो, त्यात काय एवढं!' तिथे 'नाही नाही, खरंच' म्हणत वाद घालू नका, कारण मग त्यांना पुन्हा झटकावं लागतं. 'माझ्या लक्षात राहिलं' एवढं म्हणून 'नवीन काम कधीपासून?' असं विचारलं की दोघंही मोकळे होतात.

जिथे नेहमीची दुरुस्ती चालत नाही

*वरिष्ठाला बढती मिळाली.* इथे त्यांच्या कामाचं मूल्यमापन आपण करायचं नसतं. 'तुम्ही विभाग उत्तम सांभाळलात' यात 'त' आहे, पण शेरा आहे. त्यांनी तुमच्या बाबतीत जे केलं तेवढंच सांगा: 'माझा पहिला अहवाल तुम्ही परत न पाठवता शेजारी बसवून ओळ न् ओळ दुरुस्त केलात. अजूनही अहवाल लिहिताना तोच क्रम ठेवतो.' त्यात खुशामतीचा वास येत नाही, कारण घडलेली गोष्ट आहे आणि तुमच्या कामात ती आजही दिसते. पुढे 'आपल्या मार्गदर्शनाखाली' वगैरे जोडलं की मात्र वास येतो.

*काल बरोबरीचा असलेला आज तुमचा साहेब झाला.* अनेक जण याच संदेशात 'तू'चं 'तुम्ही' करतात. करू नका. संबोधन बदलायचं असेल तर ते नवीन जागेवरच्या चारचौघांतल्या बोलण्यात हळूहळू ठरतं. अभिनंदनात ते अचानक आलं तर एकतर टोमणा वाटतो किंवा अंतर पडल्यासारखं वाटतं. या माणसाला त्या दिवशी जुने सहकारी आपल्याशी कसे वागतील याचीच काळजी असते. प्रसंगानंतर कामाचं एक साधं वाक्य उपयोगी पडतं: 'मंगळवारची यादी आधीसारखीच तुझ्याकडे पाठवतो.' म्हणजे काम चालू आहे आणि आपण बदललेलो नाही.

*त्याच जागेसाठी तुम्हीही होता.* इथे लोकांचा संदेश सर्वांत खोटा वाटतो, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९६९ साली आश्वासन, आभार, अभिनंदन अशा उच्चारांच्या अटी मांडल्या, त्यात अभिनंदनाच्या प्रामाणिकपणाची अट सरळ आहे: घडलेल्या गोष्टीचा बोलणाऱ्याला आनंद झालेला असला पाहिजे. तो नसताना माणूस भरपाई म्हणून जास्त लिहितो: 'तुझ्यापेक्षा मलाच जास्त आनंद झालाय!' ही ओळ कुणीच खरी मानत नाही. अशा वेळी 'आनंद झाला' हे वाक्यच काढून टाका. तुम्ही पाहिलेला प्रसंग तुमच्या मनःस्थितीवर अवलंबून नाही. तो खराच असतो. 'मुलाखतीच्या आदल्या आठवड्यातही तू सुट्टीवरच्या माणसाचं काम उचललंस, ते पाहिलं होतं. अभिनंदन.' एवढं लिहिलं तर त्यात एकही शब्द खोटा नाही. तुम्हीही उमेदवार होता हे दोघांना माहीत असेल तर त्याचा उल्लेख करायची गरज नसते. केलाच तर अर्ध्या वाक्यात, स्पष्टीकरणाशिवाय. मन फारच खवळलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी लिहा. एका दिवसाने काही बिघडत नाही, त्या रात्रीच्या शब्दांनी बिघडू शकतं.

*माणसाची ओळखच जेमतेम आहे.* मग प्रसंग नसतोच, आणि तो बनवू नये. 'तुमचं काम नेहमीच प्रेरणादायी वाटलं' असं लिहिण्यापेक्षा 'बढतीची बातमी कळली, अभिनंदन!' हे जास्त प्रामाणिक आहे. छापील वाक्य इथे आपलं काम चोख करतं. दोष तेव्हाच होतो जेव्हा सांगण्यासारखं असूनही आपण त्याच्या आड लपतो.

*उशीर झाला.* आठवडा उलटला असेल तर 'उशिरा लिहितोय' एवढं एकदा म्हणा. कारणं देऊ नका, कारण मग त्या माणसाला तुमची समजूत घालत बसावं लागतं. उशिराच्या संदेशाचा एक फायदाही आहे: रांग ओसरलेली असते. महिना उलटला असेल तर मुद्दाम संदेश न पाठवता नव्या जागेवरच्या पहिल्या कामाच्या निमित्ताने, समोरासमोर सांगितलेलं जास्त बरं वाटतं.

दुरुस्ती लागू पडली का

उत्तरात तुमच्या प्रसंगाचा उल्लेख आला ('अरे, तुझ्या लक्षात आहे ते?' किंवा 'तेव्हा मीच किती घाबरले होते') तर संदेश पोचला. फक्त 'धन्यवाद' आलं तर लगेच फसलं असं समजू नका. पहिल्या दिवशी पन्नास जणांना उत्तरं देताना सगळ्यांना तेच जातं. 'वाचलंस का?' असं विचारायला जाऊ नका. पुढच्या भेटीत तो माणूस स्वतःहून तो विषय काढतो का, एवढं पाहा. काढला नाही तर तुमचा मसुदा उघडून 'स' किंवा 'त'चं क्रियापद पुन्हा तपासा. बहुतेक वेळा ते 'केलीस', 'दिलीस', 'दाखवलीस' यांपैकी असतं आणि त्याच्या आधी मदत, साथ किंवा जिद्द असा एखादा शब्द असतो. तिथे कॅमेऱ्याचा प्रश्न विचारायचा राहिलेला असतो.